कोणते पाटील डॉक्टर?

डिसेंबरात मामाकडे भरिताला गेले होते. अमळनेर तालुक्यात बोरीकाठी मामाचं गाव आहे. खळ्यात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला घातली होती, मामी बडगी धुऊन पुसत होती आणि मामा ओट्यावर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. एरवी वांगी उलथायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मी जवळ जाऊन पाहिलं, तर तो रक्ताच्या रिपोर्टचा फोटो काढत होता. कागद वाऱ्यानं उडत होता म्हणून त्यानं एका टोकावर अडकित्ता ठेवला होता.

"मना पाय रातले आग आग करतस," तो म्हणाला. "घर बठी डॉक्टर भेटस, २९९ मा."

मामाला साखरेचा त्रास अकरा वर्षांपासून आहे. रिपोर्टवर एचबीएवनसी ९.१ होतं, म्हणजे गेले दोन-तीन महिने साखर सरासरीनं बरीच वर राहिली होती. तळपायांना आग, मुंग्या, रात्री गोधडीचाही स्पर्श नको, हे सगळं तो दिवाळीपासून सहन करत होता. फेसबुकवर एक जाहिरात दिसली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि तिथून तो डॉक्टरांच्या त्या वेबसाइटवर पोहोचला.

मी फोन हातात घेतला. फॉर्मचे पाच टप्पे होते. पहिल्यात नाव आणि मोबाइल नंबर. दुसऱ्यात आजारांची यादी, आवडीची गाणी निवडावीत तशी खुणा करण्यासाठी मांडलेली: साखर, रक्तदाब, किडनी, मानसिक त्रास, लैंगिक तक्रार. तिसऱ्यात चालू गोळ्या आणि रिपोर्ट, शिवाय आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो. चौथ्यात पैसे. आणि पाचव्यात एक वाक्य: 'आमचे तज्ज्ञ डॉक्टर लवकरच आपल्याशी संपर्क करतील.'

म्हणजे ज्याला सगळं सांगायचं, तो कोण हे सगळं सांगून झाल्यावर कळणार. मामा तिसऱ्या टप्प्यावर होता.

मी सतरा वर्षं जळगावच्या एका दवाखान्यात केसपेपर आणि रेकॉर्डच्या खोलीत काढली आहेत. नवीन डॉक्टर रुजू झाले की त्यांची फाइल आमच्याच टेबलावर यायची. मूळ नोंदणी प्रमाणपत्र समोर ठेवून झेरॉक्स ताडून पाहायची, नूतनीकरणाची तारीख बघायची, पदव्युत्तर पदवी मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे, नोंदली आहे का ते बघायचं, आणि मगच ओपीडीच्या बोर्डावर नाव रंगवायला सांगायचं. ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. लग्नपत्रिकेत नावापुढे 'डॉ.' दिसलं तरी मनात पहिला प्रश्न येतो, कोणत्या कौन्सिलचे?

तर मी मामाला म्हटलं, थांब. डॉक्टर कोण आहेत ते आधी बघू.

साइटवर 'आमचे तज्ज्ञ' असं पान होतं. त्यावर नऊ फोटो होते आणि नऊही जणांच्या गळ्यात स्टेथोस्कोप. साखरेसाठी जे होते त्यांच्याखाली लिहिलं होतं: 'डॉ. ए. पाटील, एमबीबीएस, एमडी, मधुमेहतज्ज्ञ, २० वर्षांचा अनुभव.' बस. पहिलं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, कौन्सिल नाही, गाव नाही. आता खान्देशात 'ए. पाटील' म्हणजे काय पत्ता झाला का? आमच्या दवाखान्यातच एका वेळी चार पाटील डॉक्टर होते, त्यातले दोन 'ए'. केसपेपरवर आम्ही त्यांना 'ए. बी. पाटील' आणि 'ए. एस. पाटील' असं वडिलांच्या आद्याक्षरावरून वेगळं करायचो, तरी रिपोर्ट एकाचे दुसऱ्याच्या टेबलावर जायचेच.

आपल्या देशात ऑनलाइन तपासणीचे नियम आले २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाउन सुरू झाला त्याच दिवशी. त्यात वेबसाइट चालवणाऱ्यांवर सरळ जबाबदारी टाकली आहे. यादीतला प्रत्येक डॉक्टर खरोखर नोंदणीकृत आहे याची खात्री त्यांनीच आधी करायची, आणि प्रत्येकाचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि संपर्काचा तपशील लोकांना द्यायचा. डॉक्टरनंही बोलायला सुरुवात करताना आपलं नाव आणि पदवी सांगायची, क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर, वेबसाइटवर दिसेल असा ठेवायचा. त्यामुळे नंबर विचारणं हा उद्धटपणा नाही. ती माहिती आपल्यासमोर आधीच असायला हवी होती, म्हणून विचारावं लागतं.

मामाला हे पटेना. "दवाखानाना डॉक्टरले कोनी नंबर इचारस का?"

बरोबर आहे त्याचं. गावातल्या डॉक्टरला कुणी विचारत नाही, कारण तो समोर असतो. त्याचा दवाखाना वीस वर्षं त्याच जागी असतो, त्याची बायको मामीबरोबर कानबाईला येते. काही बिघडलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. मोबाइलमधल्या डॉक्टरला दारच नाही. त्याच्या जागी फक्त तो क्रमांक असतो.

साइटवरच्या मदत क्रमांकावर मी फोन लावला. एक मुलगी बोलली, फार गोड बोलली. डॉक्टरांचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि कौन्सिल, एवढ्या तीन गोष्टी हव्यात असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मॅडम, डेटा पॉलिसीमुळे डॉक्टरांची माहिती शेअर करता येत नाही." आमच्या पोटातली सगळी माहिती, आधार कार्डासकट, त्यांनी मागायची, आणि डॉक्टरचा क्रमांक मात्र गुपित! मी तिला म्हटलं की मग आम्ही पैसे भरत नाही. दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर पाच आकड्यांचा एक क्रमांक आला. सोबत कौन्सिलचं नाव नव्हतं.

इथे बहुतेक जण फसतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. क्रमांक म्हटला की आपल्याला आधार किंवा पॅन आठवतो, एका माणसाला एक. डॉक्टरांचं तसं नाही. प्रत्येक राज्याची मेडिकल कौन्सिल आपापल्या रजिस्टरमध्ये आपापल्या अनुक्रमानं नोंद करत आली आहे. म्हणून तोच पाच आकड्यांचा क्रमांक महाराष्ट्रात एकाचा, कर्नाटकात दुसऱ्याचा, बिहारमध्ये तिसऱ्याचा असू शकतो. कौन्सिलचं नाव नसलेला क्रमांक म्हणजे तालुक्याचं नाव नसलेला सातबारा.

नॅशनल मेडिकल कमिशन ही दिल्लीतली देशपातळीवरची संस्था. तिच्या nmc.org.in या साइटवर 'इंडियन मेडिकल रजिस्टर' नावाचा भाग आहे. तिथे डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, राज्याची कौन्सिल किंवा नोंदणीचं वर्ष टाकून शोधता येतं, फुकट. मी आधी मुद्दाम नुसता क्रमांक टाकला, मामाला दिसावं म्हणून. वेगवेगळ्या राज्यांतली नावं एकाखाली एक आली. मामा वाचत गेला आणि तिसऱ्या नावाशी ओरडला, "जुळनं!" महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आडनाव पाटील, पहिलं नाव 'अ' वरून.

मी स्वतः क्षणभर गप्प झाले. जुळलं होतं खरं. आडनाव जुळलं, आद्याक्षर जुळलं, क्रमांक जुळला. घाईतला माणूस इथेच समाधान मानून पैसे भरतो. पण त्या ओळीच्या शेवटी तपशील उघडण्याचं बटण असतं, आणि खरी गंमत तिथे आहे. उघडल्यावर वडिलांचं नाव, नोंदणीची तारीख, पदवी, पदवीचं वर्ष आणि विद्यापीठ अशी माहिती येते. आमच्या पाटील डॉक्टरांची नोंदणी होती १९७८ सालची. पदवी एमबीबीएस, आणि तिथेच संपलं. एमडी नाही.

मामाला मी हिशोब करायला लावला. १९७८ साली एमबीबीएस होऊन नोंदणी केलेला माणूस तेव्हा कमीत कमी बावीस-तेवीस वर्षांचा. म्हणजे आज सत्तरीच्या घरातला. फोटोतला मुलगा पस्तिशीचा, दाढी कोरलेली. अनुभव लिहिला होता वीस वर्षांचा, आणि सत्तरीतला माणूस वीस वर्षांचा अनुभव कशाला लिहील, त्याला पन्नासच्या जवळ होतील की.

"मंग हाऊ कोन से?" मामानं फोटोवर बोट ठेवलं.

हाच तर प्रश्न. रजिस्टर एवढंच सांगतं की या क्रमांकाचा, या नावाचा एक डॉक्टर आहे. फोनवर बोलणारा माणूस तोच आहे, हे रजिस्टर सांगत नाही, सांगूही शकत नाही. त्यात फोटो बघून ओळख पटवण्याची सोय नाही. खोटा क्रमांक बनवणारे फार कच्चे असतात, ते लगेच सापडतात. पक्के लोक खऱ्याच डॉक्टरचा क्रमांक उचलतात, आणि तोही अशाचा, जो निवृत्त झालाय, परदेशात गेलाय किंवा हयात नाही. तो कुणाला विचारायला येणार नसतो. शिवाय आडनाव असं घ्यायचं, की हजारात शंभर सापडतील.

मी मग दुसरा रस्ता घेतला. नोंदीतल्या डॉक्टरांच्या पूर्ण नावावरून ते कोणत्या गावचे असतील याचा अंदाज आला, आणि तिथल्या आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, शाखेत माझ्या जुन्या ओळखीचे एक जण निघाले. इथे एक पथ्य पाळायचं: शहानिशा करायला फोन नंबर त्या वेबसाइटवरचा घ्यायचा नाही. साइटवरचा नंबर साइटवाल्याच्याच खिशात वाजतो. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांच्या मुलाशी बोलणं झालं. वडिलांनी दवाखाना कधीच बंद केला, त्यांना धड ऐकू येत नाही, ऑनलाइन वगैरे काही नाही, असं तो म्हणाला. नंतर अगदी हळू विचारलं, "त्यांच्या नावानं कुणाला औषधं दिलीत का हो?" मला उत्तर देता आलं नाही. कौन्सिलकडे आणि पोलिसांत तक्रार करतो म्हणाला.

आता याची उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे वाचून कुणी चांगल्या डॉक्टरवर संशय घेईल. रजिस्टरमध्ये नाव सापडलं नाही म्हणजे डॉक्टर खोटा, असं नसतं. दिल्लीच्या साइटवरचं रजिस्टर राज्यांकडून आलेल्या माहितीवर भरतं, आणि ते मागे असतं. नुकताच पास झालेला डॉक्टर तिथे नसेल, पण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत असेल. त्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरसाठी राज्याची यादी आधी बघावी. आपल्या कौन्सिलमध्ये दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून तिथली माहिती ताजी असण्याची शक्यता जास्त.

नावांचा घोळ तर विचारूच नका. डॉक्टरबाईंची नोंद माहेरच्या नावानं असते आणि दवाखान्यावर पाटी सासरच्या नावाची. इंग्रजीत 'चौधरी' चार प्रकारे लिहितात. रजिस्टरमध्ये आडनाव आधी की नंतर, याचाही नेम नसतो. म्हणून नावानं शोधण्यापेक्षा क्रमांक आणि कौन्सिल घेऊन शोधावं आणि नाव नंतर ताडावं. आपल्या राज्यातल्या अलीकडच्या नोंदणीचा क्रमांक बहुधा 2011/06/1234 अशा धाटणीचा असतो. पुढचं ते वर्ष, मधला महिना, आणि शेवटी अनुक्रमांक. एवढं माहीत असलं की कुणी '२० वर्षांचा अनुभव' लिहून 2019 नं सुरू होणारा क्रमांक दिला, तर साइट न उघडताही कळतं. अर्थात दुसऱ्या राज्यातून बदलून आलेल्या डॉक्टरला इथे नवीन क्रमांक मिळतो, तेव्हा वर्षात फरक दिसला की आधी विचारावं, भांडू नये.

परराज्यातला डॉक्टर असणं हाही गुन्हा नाही. ऑनलाइन तपासणीत देशातल्या कोणत्याही राज्याचा नोंदणीकृत डॉक्टर आपल्याला तपासू शकतो. लखनौचा डॉक्टर शिरपूरच्या पेशंटला चिठ्ठी देऊ शकतो. फक्त त्याची नोंद लखनौच्या बाजूला शोधायची.

एमडीचं थोडं नाजूक आहे. आमच्या टेबलावर असे तरुण डॉक्टर यायचे ज्यांचा एमडीचा निकाल लागलेला, पण पदवीची जादा नोंद कौन्सिलमध्ये व्हायची असायची. कागद मुंबईला गेलेले, परत यायचे. अशा माणसाच्या नावापुढे रजिस्टरमध्ये एमडी दिसत नाही आणि तरी तो खरा असतो. पण वीस वर्षं एमडी म्हणून मिरवणाऱ्याची नोंद वीस वर्षांत झाली नाही, हे पटत नाही. 'मधुमेहतज्ज्ञ' हा शब्द तर फारच सैल झालाय. काही महिन्यांचा एखादा प्रमाणपत्र कोर्स करूनही तो पाटीवर चढतो. कोर्स वाईट असतो असं नाही, त्यातून चांगलं शिकलेले डॉक्टर मी पाहिलेत. पण त्या शाखेची पदवी नसताना कुणी स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवू नये, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलंय. त्या साइटवर काहींच्या नावापुढे तीन-तीन ओळी अक्षरं होती. त्यातली रजिस्टरमध्ये कोणती आहेत, एवढंच मोजायचं.

आणि आपल्या गावातले बीएएमएस डॉक्टर? त्यांचं नाव मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधलंत तर सापडणारच नाही, आणि त्यात वावगं काही नाही. त्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथीवाल्यांची त्यांच्या वेगळ्या कौन्सिलकडे. आयुर्वेदाचा क्रमांक बहुतेक वेळा 'I' नं सुरू होतो आणि 'A' नं संपतो, त्यावरून कोणतं रजिस्टर उघडायचं ते समजतं. अर्ध्या खान्देशाला रात्री-अपरात्री उठून हेच डॉक्टर सांभाळतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा साइट त्यांचा फोटो 'एमडी मेडिसिन' म्हणून लावते. आयुर्वेदातही एमडी असते. नुसतं 'एमडी' वाचून कळत नाही, कौन्सिल विचारली की कळतं.

त्या दिवशी रजिस्टर बघून होईपर्यंत भरीत झालं होतं. मामीनं बडगीत वांगी ठेचली, हिरवी मिरची, लसूण, वरून कांद्याची पात. मामा जेवताना गप्प होता. शेवटी म्हणाला, "इतली चौकशी तं पोरगी देवाले बी नही करतस लोके." मामीनं त्याच्या ताटात आणखी एक पुरी टाकली आणि म्हणाली की तुमच्या वेळी केली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी धुळ्याच्या एका फिजिशियनचं नाव मिळालं. ते आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर बघतात. त्यांच्या पानावर पूर्ण नाव होतं, मधलं नाव धरून. क्रमांक होता, आणि त्याच्याआधी कौन्सिलचं नाव. मामाला म्हटलं, आता तू शोध. त्यानं कौन्सिल निवडली, एका बोटानं क्रमांक टाकला, तपशील उघडला. नाव तेच. एमबीबीएस, खाली जादा पदवी एमडी मेडिसिन, वर्षही अनुभवाशी जुळणारं. मग दवाखान्याचा लँडलाइन नंबर मी गावातल्याच एका केमिस्टकडून घेतला आणि विचारलं की डॉक्टर व्हिडिओवर बघतात ते याच साइटवरून ना. कंपाउंडर म्हणाला, "हो, मंगळवार-शुक्रवार." जेमतेम सहा-सात मिनिटं गेली सगळ्याला, त्यातली तीन मामाचा चष्मा शोधण्यात.

मगच त्यानं सगळं सांगितलं. आणि सांगायलाच हवं होतं, कारण इतिहास लपवून इलाज होत नाही. अकरा वर्षांची साखर, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी किती आणि कधीपासून, मध्ये दीड वर्ष गोळ्या सोडून एका बाबाचं चूर्ण घेतलेलं, जे मामीलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी नाव, वय, गाव विचारलं. आधार कार्ड मागितलं नाही. पेशंटची ओळख पटवून घ्यायची असं नियम म्हणतो, पण त्यासाठी आधारच्या दोन्ही बाजू लागतात असं कुठे म्हणत नाही. मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे म्हटल्यावर त्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितलं, कारण त्या गोळीनं ते कमी होऊ शकतं आणि त्यानंही पायांना मुंग्या येतात. पुढे स्वच्छ म्हणाले, "काका, पाय व्हिडिओवर तपासता येत नाहीत. इकडे या."

गेलो. त्यांनी मामाला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनची एक बारीक तार पायाला टेकवत गेले. ती तार वाकेल इतकाच दाब द्यायचा, दहा ग्रॅमचा. मामानं सांगायचं, लागलं की नाही. अंगठ्याखाली दोन ठिकाणी तार वाकली आणि मामा काहीच बोलला नाही. मी समोर उभी होते. इतकी वर्षं अशा तपासणीचे कागद फाइलला लावले, पण कुणी गप्प राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. उठताना मामानं चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि डॉक्टरांच्या नावाखालचा क्रमांक ओठांत वाचला. डॉक्टर हसले, त्यांना वाटलं काका औषधांची नावं लावताहेत.

त्या पहिल्या साइटचं सांगायचं राहिलं. मामानं दोन टप्पे भरले होते, म्हणजे नाव, मोबाइल आणि आजार. रिपोर्ट आणि आधार थांबले, पण आधीचं भरलेलं तर गेलंच. वैद्यकीय माहिती ही संवेदनशील माहिती आहे असं २०११ पासूनचे आयटी नियम सांगतात, आणि अशी माहिती गोळा करणाऱ्या कंपनीनं तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा, महिन्याभरात तक्रार निस्तरायची, असंही सांगतात. मी ते नाव शोधलं. पानाच्या तळाशी दुवा होता, दाबला की परत पहिल्या पानावर यायचा. मदतीच्या ईमेलवर माहिती पुसून टाका म्हणून लिहिलं. पोच आली, उत्तर नाही. खरंतर भरायच्या आधी मी हेच बघायला हवं होतं, डॉक्टरांच्याही आधी. तक्रारीचा दुवा कुठे जातो ते पाहायला दहा सेकंद लागतात.

जानेवारीपासून मामाला फोन येतात. साखर मुळापासून घालवणारं चूर्ण, पायांच्या आगीवर तेल, 'काका, तुमचं पॅकेज मंजूर झालंय.' दर वेळी नंबर वेगळा. मामानं कपाशीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर ते लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. परवा गेले तेव्हा चौदा झाले होते. मी वही बघत असतानाच फोन वाजला. पलीकडून मुलीचा आवाज, डॉक्टरांशी बोलता का म्हणून. मामानं कानावरचं मफलर बाजूला केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कोनता डॉक्टर? पुरं नाव सांग, बापना नावसकट."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "पाटील सर."

"कोनता पाटील?" मामा म्हणाला, आणि पेन घेऊन पंधरावी ओळ लिहायला बसला.